कार्तिकातल्या एकतीस पहाटा : महिनाभराच्या वाचनाची रचना



कोजागरी आली की आपल्या गावोगावच्या देवळांत काकडा सुरू होतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्याची समाप्ती होते. पहाटे काकडआरती, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. हरिपाठ तर आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून पाठ. टाळ हातात आला की शब्द आपोआप तोंडात येतात. पण जे पाठ असतं त्याच्याकडे लक्ष कमी जातं, हेही तितकंच खरं. हरिपाठाच्या बाराव्या अभंगात काय सांगितलंय, असं एखाद्या जुन्या टाळकऱ्याला मध्येच विचारून पाहा. तो पहिल्या अभंगापासून गुणगुणत बाराव्यापर्यंत येईल आणि मगच सांगेल. शब्द साखळीने जोडलेले आहेत, अर्थ मात्र सुटा हाती लागत नाही.

यावर आपला जुना उपाय कीर्तनाचा. एक अभंग घ्यायचा आणि दोन तास त्याच्यापाशीच थांबायचं. पण रोज पहाटे प्रत्येक गावाला कीर्तनकार कुठून मिळणार? आणि पहाटे दोन तास बसायला माणसं तरी कुठे मोकळी आहेत? धार काढायची असते, ज्वारीची पेरणी चाललेली असते, उसाला टोळी आलेली असते, कुणाला कंपनीची गाडी गाठायची असते. म्हणून दुसरा एक मार्ग पुढे आला, रोजच्या छोट्या वाचनाचा. महिनाभर दररोज एक उतारा, त्याखाली थोडं चिंतन, शेवटी दोन-तीन ओळींची प्रार्थना. शताब्दीच्या निमित्ताने आपल्या दिंडीतल्या गावांसाठी असं काकड्याचं वाचन तयार करायचं ठरलं. तेव्हा आधीच्या लोकांनी मोठे ग्रंथ लहान दिवसांत कसे बसवले, हे पाहणं आलं. ते आधी सांगतो आणि मग आपली रचना.

मोठा ग्रंथ, लहान दिवस

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, पूर्ण झाली. ओव्या नऊ हजारांच्या घरात. आपण सप्ताहात ती सात दिवसांत वाचतो. पण अध्याय सारखे नाहीत. बारावा अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, अठरावा अठराशेच्या आसपास जातो. रोज इतके अध्याय असा हिशेब धरला तर एक दिवस दुपारीच मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागले तरी वाचन संपत नाही. म्हणून पारायणात रोजचा मुक्काम ओव्यांकडे पाहून ठरवावा लागतो. तरीही पारायण हे सात दिवस कामधंदा बाजूला ठेवून बसणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या नेमाला ते माप चालत नाही.

नेमासाठी एक वाट निवडीची. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरीतून १०९ ओव्या वेचून नित्यपाठ तयार केला. नऊ हजारांतून १०९! ज्याला रोज थोडाच वेळ आहे त्याच्या हाती अख्ख्या ग्रंथाची चव लागावी, हा हेतू. निवडीत बरंच बाहेर राहतं, पण जे आत येतं ते रोज म्हणता येतं.

दुसरी वाट वाटणीची. तिचा एक चांगला नमुना गांधीजींच्या आश्रमातला. तिथे सकाळच्या प्रार्थनेत गीता म्हणत आणि सात दिवसांत अठरा अध्याय पुरे करत. शुक्रवारी पहिला आणि दुसरा, शनिवारी तिसरा ते पाचवा, रविवारी सहावा ते आठवा, सोमवारी नववा ते बारावा, मंगळवारी तेरावा ते पंधरावा, बुधवारी सोळावा आणि सतरावा, गुरुवारी एकटा अठरावा. श्लोक मोजले तर सोमवारी १५१ येतात आणि बुधवारी अवघे ५२. ही वाटणी काही तराजूने केलेली दिसत नाही. विभूती, विश्वरूप आणि भक्ती हे अध्याय एका सकाळी लागून आले आणि शेवटच्या अध्यायाला स्वतःचा दिवस मिळाला. वाटणी करताना एकमेकांना चिकटलेलं तोडू नये, हे यावरून घ्यावं.

महिन्याच्या वाटणीचं जुनं उदाहरण आपल्या परंपरेबाहेरचं आहे, पण हिशेब कळायला फार उपयोगी. इंग्लंडमधल्या चर्चने १५४९ साली प्रार्थनेचं पुस्तक काढलं. त्यात बायबलातली १५० स्तोत्रं तीस दिवसांवर वाटली, रोज सकाळी काही आणि संध्याकाळी काही. त्यांतलं ११९वं स्तोत्र १७६ ओळींचं. ते एका बैठकीला झेपणारं नव्हतं, म्हणून पाच बैठकांत विभागलं. आणि ज्या महिन्याला ३१ तारीख असते तिथे? नवं काही शोधलं नाही; ३०व्या दिवसाचंच पुन्हा वाचायचं. नेम मोडण्यापेक्षा पुनरुक्ती बरी, असा तो सरळ तोडगा.

या सगळ्यांत उताऱ्याची सोय झाली. चिंतनाचं माप मात्र वेगळ्या ठिकाणी सापडतं. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथून ते दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर साबरमतीच्या आश्रमाला एक पत्र लिहीत. एका पत्रात एकच व्रत. सत्य म्हणजे सत्य, त्यात अस्तेय आणायचं नाही. ती पत्रं आश्रमात वाचली जात. पुढे त्यांचंच ‘मंगलप्रभात’ हे छोटं पुस्तक झालं. एका बैठकीला एकच गोष्ट, आणि ऐकणारा कोण हे लिहिणाऱ्याला ठाऊक, एवढ्या दोनच गोष्टींवर ती पत्रं उभी आहेत.

कार्तिकाचे दिवस किती?

आता आपल्याकडे वळू. इंग्रजी महिन्यात तारीख ठरलेली. आपल्या महिन्यात तिथी चालते आणि तिथी घड्याळाच्या चोवीस तासांत बसत नाही. कधी ती वीस तासांत संपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची धरायची, हा आपला साधा नियम. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते, तिला आपण क्षय म्हणतो. एखादी दोन सूर्योदयांना असते, ती वृद्धी.

अश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, दोन्ही धरून, तिथी होतात ३१. पण पहाटा होतात ३० किंवा ३१. पानांवर नुसते ‘पहिला दिवस, दुसरा दिवस’ असे आकडे घालून दिले तर मध्येच एखादा क्षय आला की गाडी एका दिवसाने घसरते आणि एकादशीचं पान द्वादशीला वाचलं जातं. म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर आकड्याबरोबर तिथी लिहिली. वाचणाऱ्याने पंचांग पाहायचं आणि त्या तिथीचं पान उघडायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, गुरुवारी सूर्योदयाला वद्य पंचमी आहे, षष्ठी त्यानंतर लागली आणि शुक्रवारच्या सूर्योदयाआधी संपलीही. शुक्रवारी मग सप्तमी. षष्ठीचं पान कुठे वाचायचं? गुरुवारी पहाटे पंचमीचं वाचावं आणि त्याच संध्याकाळी हरिपाठाच्या आधी षष्ठीचं. काहीच गळत नाही. उलट षष्ठी दोन सूर्योदयांना आली तर तेच पान दोनदा वाचावं आणि दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याने थांबून बसलेल्यांना विचारावं, कुणाला काही सांगायचं आहे का. एकादशी दोन दिवस दाखवली असेल तर आपण भागवत एकादशी धरतो. एकादशीचं पान तेव्हाच. आदल्या पहाटे दशमीचं पान पुन्हा घ्यावं. भागवत एकादशीच्या सूर्योदयाला द्वादशी लागलेली असली तर द्वादशीचं पान त्या संध्याकाळी घ्यावं.

सणांचंही असंच. लक्ष्मीपूजन संध्याकाळच्या अमावस्येवर ठरतं, त्यामुळे कधी कधी सकाळी पंचांगात चतुर्दशी असते आणि संध्याकाळी पूजन. म्हणून ‘आज दिवाळी’ अशी सुरुवात कुठल्याही पानावर करायची नाही, हे ठरवून घेतलं. ‘या दिवसांत घरोघर पणत्या आहेत’ असं लिहिलं की एक दिवस पुढेमागे झाला तरी वाक्य खोटं पडत नाही. नेमकं नाव घ्यायचं ते फक्त एकादशीचं, कारण ते पान एकादशीलाच बांधलेलं आहे.

सत्तावीस आणि चार

उतारा कशातून घ्यायचा यावर फार वेळ घालवावा लागला नाही. ज्ञानदेवांचा हरिपाठ सत्तावीस अभंगांचा. काही प्रतींत अठ्ठाविसावा फलश्रुतीचा अभंगही असतो. तो संध्याकाळच्या पाठात आहेच, म्हणून वाचनात सत्तावीसच धरले. रोज एक अभंग, आणि बहुतेक अभंग चार कडव्यांचे, म्हणजे माप आयतंच मिळालं. पहाटे ज्या अभंगाचं चिंतन ऐकलं तोच संध्याकाळी सगळ्यांबरोबर म्हणताना समोर येतो. सकाळी ऐकलेलं एक वाक्य टाळाच्या ठेक्यात आठवतं. या वाचनाचं खरं काम तिथे होतं, पहाटे नव्हे.

मग तिथी मोजल्या. पौर्णिमा पहिला दिवस, वद्य प्रतिपदा दुसरा, असं करत वद्य एकादशी बारावा दिवस येते, अमावस्या सोळावा, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे पाडवा, सतरावा आणि कार्तिकी एकादशी बरोबर सत्ताविसावा. हरिपाठाचा शेवटचा अभंग कार्तिकीच्या दिवशी! हे कुणी जुळवलेलं नाही. पहिल्या दिवसापासून सरळ मोजत आलं की आपसूक तिथे पोचतं. अर्धी घटकाही रिकामी घालवू नकोस, असं त्या अभंगात माउली बजावतात. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, अर्धी म्हणजे बारा. आपल्या वाचनाला तेच माप धरलं. काकडा संपल्यावर उठून जाईपर्यंत माणूस अर्धी घटका देऊ शकतो, त्यापुढे पाय घराकडे ओढतात.

या बारा मिनिटांची विभागणी अशी. अभंग सावकाश दोनदा, त्याला तीन मिनिटं. चिंतन चार मिनिटांचं. देवळात, मोठ्याने, शेवटच्या रांगेतल्या आजींना ऐकू जाईल अशा बेताने वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे चिंतन चारशे शब्दांच्या आत हवं, आणि तीनशेच्या आत असलं तर जास्त बरं. मग क्षणभर शांत बसणं, प्रार्थना, आणि उरलेला वेळ मोकळा. तो मोकळा ठेवावाच लागतो, कारण कुणी उशिरा येतं, कुणाला खोकला येतो, कधी वीज जाते.

राहिले चार दिवस, द्वादशी ते पौर्णिमा. त्यांना पसायदान. पसायदानाच्या ओव्या नऊ. सारखी वाटणी केली तर दोन, दोन, दोन आणि तीन, पण त्यात अर्थ मध्येच तुटतो. नीट पाहिलं तर पहिल्या तीन ओव्यांत मागणं आहे, दुष्टांचं वाकडेपण जावो, अंधार जावो. पुढच्या तिन्हींत संतांचा मेळा आहे. सातवी-आठवी सगळ्यांच्या सुखाची आणि ग्रंथावर जगणाऱ्यांची. नवव्या ओवीत विश्वेशरायांनी दिलेलं उत्तर आहे. म्हणून तीन, तीन, दोन आणि एक. त्रिपुरी पौर्णिमेला एकच ओवी.

या चार दिवसांत एक बदल करावा लागला. पसायदान ही स्वतःच प्रार्थना. तिच्याखाली आपण आणखी एक प्रार्थना जोडली तर ती ठिगळासारखी दिसते. म्हणून इथे क्रम उलटा केला. आधी चिंतन, मग ओव्या, आणि ओव्यांनीच शेवट.

बाराव्या दिवसाचं पान

एक पान कसं तयार होतं ते दाखवतो. बारावा दिवस, वद्य एकादशी, हरिपाठाचा बारावा अभंग. त्यात माउली सांगतात की भाव नसेल तर तीर्थ, व्रत, नेम ही नुसती दगदग. आणि तो दिवस कोणता? उपासाचा! समोर बसलेल्या अर्ध्या बायकांनी आदल्या रात्रीपासून पोटात काही घेतलेलं नसतं.

इथे चिंतन लिहिणाऱ्याची परीक्षा आहे. ‘भावाशिवाय उपास व्यर्थ’ एवढंच वाढवून लिहिलं तर चाळीस वर्षं एकादशी करणाऱ्या माउलीला सगळ्यांदेखत ठपका दिल्यासारखं होईल. आणि ते टाळण्यासाठी अभंगाची धार बोथट केली तर माउलींचंच म्हणणं गाळल्यासारखं होईल. अशा वेळी अभंगातल्या वस्तूंकडे जावं. या अभंगात दोन वस्तू आहेत, जमिनीवर सांडलेला पारा आणि तळहातावरचा आवळा. पहाटेच्या श्रोत्यांना दोन्ही ठाऊक. थर्मामीटर फुटला की पारा कसा पळतो हे घरोघरी पाहिलेलं, आणि कार्तिकात तर आवळ्याचीच झाडं लगडलेली असतात. या दोन वस्तूंवरून जे पान झालं ते असं :

*उतारा :* हरिपाठाचा बारावा अभंग. सावकाश, दोनदा.

*चिंतन :* आज एकादशी. घरात कुणाचा उपास आहे, कुणाला औषधाच्या गोळ्यांमुळे करता येत नाही. माउली आज आपल्याला पारा दाखवतात. तो जमिनीवर सांडला की बोटांनी उचलून पाहा. दाबलं की थेंबाचे दोन होतात, दोनाचे चार. जितकं जास्त धरू तितकं जास्त निसटतं. आपण साधनं अशीच धरतो का? इतक्या वाऱ्या झाल्या, इतके उपास झाले, शेजारीण एकच करते आणि मी दोन. मोजायला लागलं की ते हातून निसटायला लागलं. आता दुसरी वस्तू पाहा, आवळा. तो तळहातावर आहे. त्याला पकडावं लागत नाही, हात उघडा असला की तो दिसतो. पारा धरणारा हात आणि आवळा दाखवणारा हात एकच आहे. एक मिटलेला, एक उघडा. माउली उपास सोडायला सांगत नाहीत. उपासात हात मिटलेला आहे की उघडा, एवढंच विचारतात. ज्याला आज उपास जमला नाही त्याचाही हात आहेच. फराळाला किंवा जेवायला बसण्याआधी आज तळहात उघडून क्षणभर पाहावा आणि मग घास घ्यावा.

*प्रार्थना :* पांडुरंगा, जे केलं त्याचा हिशेब आम्ही ठेवत आलो. आज तो तुझ्या पायाशी ठेवतो. आमच्या मिटलेल्या मुठी उघड. जे तू हातावर ठेवलंस ते आम्हाला दिसू दे.

या पानात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. चिंतन पहिल्या वाक्यापासून त्याच अभंगाला धरून आहे, बाहेरची गोष्ट किंवा दृष्टांत आणलेला नाही. शेवटी करायला एकच काम दिलंय, आणि ते आजच्या आज, उपास असो नसो, कुणालाही जमणारं आहे. आणि प्रार्थनेत चिंतनातलाच शब्द आला, मिटलेला. प्रार्थना वाचताना ऐकणाऱ्याला ती कुठून आली हे शोधावं लागत नाही.

कुठे बिघडतं

अशा वाचनात सगळ्यात लवकर येणारं दुखणं म्हणजे सारखेपणा. हरिपाठाचा मूळ विषय नाम. साहजिकच लिहिणारा प्रत्येक चिंतनाच्या शेवटी ‘म्हणून नाम घ्यावं’ या वाक्यावर येऊन थांबतो. पाचव्या दिवसापर्यंत चालतं, आठव्या दिवशी लोक शेवट आधीच ओळखतात आणि चपलांकडे पाहू लागतात. यावर उपाय लिहायला बसण्याआधीचा आहे. एका मोठ्या कागदावर एकतीस ओळी मारायच्या आणि प्रत्येक दिवसाची एकच गोष्ट एका वाक्यात लिहायची. पहिल्या दिवशी देवाच्या दारात क्षणभर थांबणं, चौथ्या दिवशी भावाशिवाय भक्ती नाही, अकराव्या दिवशी अग्नीत पडलेलं गवत, बाराव्या दिवशी उघडा हात. कागद समोर धरला की कुठली दोन वाक्यं एकच बोलतात ते लगेच दिसतं. चौथा आणि बारावा दोन्ही भावाबद्दल आहेत. म्हणून चौथ्या दिवशी अंगात बळ नसताना बळाच्या गोष्टी सांगू नयेत, ही त्या अभंगातली बाजू घेतली आणि बारावा हातासाठी राखून ठेवला.

दुसरं बिघडतं ते चिंतन म्हणजे अभंगाचा गद्य अर्थ झाला की. अर्थ सांगणारी सार्थ पुस्तकं आहेत, त्यांचं काम वेगळं. ओळखायची खूण सोपी. चिंतन एखाद्याला अभंगाशिवाय वाचून दाखवा आणि ते कितव्या अभंगाचं आहे ते विचारा. सांगता आलं नाही, किंवा कुठल्याही अभंगाखाली ते खपेल असं वाटलं, तर पान पुन्हा लिहायला हवं.

तिसरं प्रार्थनेचं. ‘देवा, या लोकांना सुबुद्धी दे’ असं लिहिलं की ती प्रार्थना राहत नाही, देवाकडे तोंड करून शेजाऱ्याला मारलेला टोमणा होतो. प्रार्थनेत ‘आम्ही’ हवा, आणि त्या ‘आम्ही’त वाचणाराही बसायला हवा. लांबीही बेताची. एका श्वासात एक वाक्य म्हणता आलं पाहिजे, कारण वाचणाऱ्याच्या मागोमाग सगळे म्हणतात. लांब वाक्य असलं की अर्धे लोक मध्येच गळतात आणि नुसता गलका उरतो.

आणखी एक अडचण फक्त आपल्याच वाचनाची आहे. कार्तिकी जवळ आली की गाव दोन ठिकाणी असतं. काही माणसं पायी निघतात, काही दशमीला एसटीने जातात. कुणी बारस सोडून परततं, कुणी पौर्णिमेच्या काल्याला थांबतं. मागे देवळात राहतात ती म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत ती. ‘आज आपण चंद्रभागेच्या वाळवंटात आहोत’ असं सत्ताविसाव्या पानावर लिहिलं तर मागे राहिलेल्यांना आपण उरलेले आहोत असं वाटतं. ‘आज आपण घरी आहोत’ असं लिहिलं तर वाळवंटात उभा असलेला हसतो. म्हणून बाविसाव्यापासूनच्या पानांवर जागेचं नावच घेतलं नाही. पहिला अभंग देवाच्या दारात थांबण्याचा आहे आणि दार दोन्हीकडे आहे, एवढ्यावर ती पानं रचली. पुस्तकही सदऱ्याच्या खिशात मावेल एवढंच ठेवलं, म्हणजे जाणाऱ्याबरोबर एक प्रत जाते, देवळात एक राहते, आणि एकाच पहाटे दोन्हीकडे एकच पान उघडतं.

छापायला देण्याआधी एक काम राहतं आणि ते डोळ्यांनी होत नाही. प्रत्येक पान लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने मोठ्याने वाचावं. तेही ज्याला वाचनाची फार सवय नाही अशाने, कारण देवळात वाचायला रोज तोच एक शाळामास्तर येणार नाही. कधी सातवीतली मुलगी वाचेल, कधी चष्मा विसरलेले आजोबा. वाचणारा जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. एकाच जागी दोघे अडखळले तर तो शब्द काढायचा, कितीही आवडता असला तरी. जोडाक्षरांची रांग, एकाच वाक्यात तीनदा ‘की’, पानाच्या शेवटी अर्धवट राहून उलटावं लागणारं वाक्य, ही ठिकाणं अशीच सापडतात. म्हणून प्रत्येक दिवसाला समोरासमोरची दोन पानं दिली. डाव्या पानावर ठळक अक्षरांत अभंग, उजव्या पानावर चिंतन आणि प्रार्थना. वाचताना पान उलटायचं नाही.

शेवटच्या पानावर मात्र उजवीकडची जागा जवळजवळ रिकामी आहे. त्रिपुरीच्या पहाटे चिंतन अवघं चार ओळींचं ठेवलंय. महिनाभर मागणं झालं, आज उत्तर ऐकायचं, एवढंच त्यात आहे. नंतर नववी ओवी सगळ्यांनी मिळून म्हणायची आणि काकड्याची समाप्ती करायची. उरलेल्या कोऱ्या जागेत गावाने त्या वर्षी कोणत्या तिथीचा क्षय झाला, कोणतं पान दोनदा वाचलं आणि कुणी कुणी वाचलं ते लिहून ठेवावं. पुढच्या कोजागरीला पुस्तक उघडणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.